टेस्ट पास झाली, तरी प्रोग्राम बंद का पडला? युनिट टेस्ट आणि मॉक यांची गोष्ट

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी फाइल पाठवली आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. विमानसेवा, रुग्णालये आणि बँका यांची कामे खोळंबली. त्यानंतर अनेकांनी विचारलेला प्रश्न साधा होता: इतक्या मोठ्या कंपनीने हे सॉफ्टवेअर तपासले नव्हते का? कंपनीने ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेला कारणमीमांसेचा अहवाल वाचला, तर उत्तर अधिकच बुचकळ्यात टाकणारे आहे, कारण तपासण्या झाल्या होत्या आणि त्या पासही झाल्या होत्या.

तपासणी पास होणे आणि प्रोग्राम चालणे या दोन गोष्टींत फट कशी राहते, हे समजण्यासाठी तपासणीच्या सर्वांत लहान प्रकाराकडे, म्हणजे युनिट टेस्टकडे, नीट पाहणे पुरेसे आहे. ही फट कुठे असते, हे तिथे अगदी उघडपणे दिसते.

## युनिट टेस्ट म्हणजे काय

प्रोग्रामच्या एका लहान भागाला ठरावीक माहिती देऊन त्याने दिलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारा दुसरा छोटा प्रोग्राम, म्हणजे युनिट टेस्ट. हा लहान भाग बहुतेक वेळा एक फंक्शन असतो, म्हणजे नाव दिलेला आणि एकच काम करणारा कोडचा तुकडा. टेस्ट माणूस चालवत नाही, संगणक चालवतो. उत्तर जुळले तर पडद्यावर हिरवी खूण येते, जुळले नाही तर लाल.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत तेच वापरू. अनेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात ठेवाव्या लागतात. जास्त उष्णतेने त्या खराब होतात आणि त्यांतल्या काही, उदाहरणार्थ हेपेटायटिस बीची लस, गोठल्या तरी निकामी होतात. लसींच्या फ्रिजमधले तापमान वाचून, ते मर्यादेबाहेर गेले की कर्मचाऱ्यांना एसएमएस पाठवणारा एक प्रोग्राम आपल्याला लिहायचा आहे. त्याचा गाभा पायथन या भाषेत असा:

```python
def is_safe(temp):
    return 2 <= temp <= 8
```

आणि त्याची टेस्ट अशी:

```python
def test_is_safe():
    assert is_safe(2)
    assert is_safe(8)
    assert not is_safe(1.9)
    assert not is_safe(8.1)
```

`assert` या शब्दाचा अर्थ इतकाच, की पुढे लिहिलेले खरे असलेच पाहिजे, नसेल तर टेस्ट फेल करावी.

टेस्टमध्ये ५ किंवा २० हे सरळ आकडे का घेतले नाहीत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. समजा, कोड लिहिणाऱ्याने घाईत `<=` ऐवजी `<` लिहिले. असे झाले तर बरोबर ८ अंशांवर असलेला फ्रिज प्रोग्रामला असुरक्षित वाटेल. मात्र ५ आणि २० या आकड्यांना चुकीचा कोडही बरोबर कोडसारखेच उत्तर देईल आणि टेस्ट हिरवी राहील. चूक राहण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, ती जागा म्हणजे सीमारेषा, आणि म्हणून चांगली टेस्ट सीमेच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवते.

यातून एक गोष्ट आताच लक्षात येते. प्रोग्राम बरोबर आहे, असे युनिट टेस्ट म्हणत नाही. या चार आकड्यांसाठी कोडने लिहिणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे उत्तर दिले, एवढेच ती म्हणते. २ आणि ८ या मर्यादाच मुळात चुकीच्या असत्या, तर ती चूक कोडमध्ये आणि टेस्टमध्ये सारखीच उतरली असती आणि दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला असता.

## अडचण कुठून सुरू होते

`is_safe` या फंक्शनला बाहेरच्या जगाची गरज नाही. आकडा द्यावा, उत्तर घ्यावे. पण त्यापुढचे फंक्शन तसे नाही:

```python
def check_fridge(sensor, sms):
    temp = sensor.read()
    if not is_safe(temp):
        sms.send("staff", temp)
```

हे फंक्शन सेन्सरकडून तापमान मागते आणि गरज पडली तर एसएमएस सेवेला संदेश पाठवायला सांगते. आपल्या कोडला काम करण्यासाठी ज्या बाहेरच्या गोष्टींची गरज लागते, त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. इथे सेन्सर आणि एसएमएस सेवा या दोन डिपेंडन्सी आहेत. मोठ्या प्रोग्राममध्ये डेटाबेस, दुसऱ्या कंपनीची वेबसेवा, डिस्कवरच्या फाइल, इतकेच काय, संगणकाचे घड्याळही याच यादीत येते.

आता टेस्ट कशी लिहायची? फ्रिज ९.५ अंशांवर गेला की संदेश जातो का, हे पाहायचे, तर खरा फ्रिज तापवावा लागेल. टेस्ट दिवसातून पन्नास वेळा चालली, तर कर्मचाऱ्यांना पन्नास खोटे इशारे जातील. नेटवर्क मंद असले तर टेस्ट लाल होईल, आणि दोष आपल्या कोडचा की नेटवर्कचा हे कळणार नाही. शेवटची अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. कधी हिरवी, कधी लाल होणाऱ्या टेस्टकडे लोक हळूहळू दुर्लक्ष करू लागतात, आणि मग ती खरोखरच्या चुकीमुळे लाल झाली, तरी कोणी पाहत नाही.

## तालमीतला बदली नट

नाटकाच्या तालमीला एखादा नट आला नाही, तर त्याच्या जागी दुसरे कोणीतरी संहिता हातात घेऊन उभे राहते आणि त्याची वाक्ये वाचते. त्याच्याकडून अभिनयाची अपेक्षा नसते. ठरलेल्या क्षणी ठरलेले वाक्य त्याने म्हणावे, म्हणजे समोरच्या नटाची तालीम होते. तपासले जाते ते समोरच्याचे काम, बदली उभ्या असलेल्याचे नव्हे.

मॉकचे काम नेमके हेच आहे. मॉक म्हणजे खऱ्या डिपेंडन्सीच्या जागी टेस्टपुरती उभी केलेली बनावट वस्तू. काय विचारल्यावर काय उत्तर द्यायचे, हे तिला आधीच सांगून ठेवलेले असते, आणि आपल्याला कोणी, काय सांगून बोलावले, याची ती नोंदही ठेवते. ही पद्धत टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली एका परिषदेतल्या निबंधात मांडली. आज जवळजवळ प्रत्येक प्रचलित संगणकभाषेत त्यासाठी तयार साधने आहेत, आणि पायथनमध्ये तर ते साधन २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून भाषेसोबतच येते. आपल्या उदाहरणात ते असे दिसते:

```python
from unittest.mock import Mock

def test_warns_when_hot():
    sensor = Mock()
    sensor.read.return_value = 9.5
    sms = Mock()
    check_fridge(sensor, sms)
    sms.send.assert_called_once_with("staff", 9.5)
```

पहिल्या बनावट वस्तूला सांगितले आहे की तापमान विचारले तर ९.५ म्हण. दुसरीला काहीच सांगितलेले नाही, तिने फक्त लक्षात ठेवायचे आहे. शेवटची ओळ तिला विचारते: तुला `send` हा निरोप नेमका एकदा आणि याच मजकुरासह मिळाला का? काटेकोर बोलायचे, तर फक्त ठरलेले उत्तर देणाऱ्या पहिल्या प्रकाराला स्टब म्हणतात आणि मॉक हे नाव दुसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवतात. रोजच्या बोलण्यात मात्र दोघांनाही मॉकच म्हटले जाते आणि पुढे मीही तसेच म्हणणार आहे.

मॉक वापरता आला, कारण `check_fridge` स्वतः सेन्सर शोधायला जात नाही, तो त्याला बाहेरून दिला जातो. फंक्शनने आतल्या आत खरा सेन्सर उघडला असता, तर त्याच्या जागी काही ठेवणे जिकिरीचे झाले असते. त्यामुळे टेस्ट लिहिणे अवघड जाऊ लागले, तर पुष्कळदा दोष टेस्टचा नसतो, कोडची मांडणीच आवळलेली असते.

## मग खरा सेन्सरच का जोडू नये?

मॉक म्हणजे खोटेपणा आहे, आणि खोट्या वस्तूवर केलेली तपासणी कसली, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. त्याचे एक उत्तर वेगाचे आहे. वरच्यासारखी टेस्ट काही मिलिसेकंदांत संपते, त्यामुळे अशा हजारो टेस्ट प्रत्येक बदलानंतर चालवता येतात. पण वेगापेक्षा वजनदार उत्तर वेगळे आहे. खऱ्या वस्तूकडून जे हवे तेव्हा घडवून आणता येत नाही, ते मॉककडून घडवता येते.

सेन्सरची तार सैल झाली आणि त्याने उत्तरच दिले नाही, तर आपला प्रोग्राम काय करील? खऱ्या सेन्सरवर हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी तार उपटावी लागेल. मॉकला एका ओळीत सांगता येते:

```python
sensor.read.side_effect = TimeoutError
```

म्हणजे तापमान विचारले की उत्तर देऊ नकोस, `TimeoutError` ही चूक उठव. ही टेस्ट आपल्या कोडवर चालवली, की ती लाल होते. चूक उठताच `check_fridge` मध्येच थांबते आणि कोणालाही संदेश जात नाही. हा दोष किरकोळ नाही. तापमान कळत नसेल, तर माणसाला बोलावण्याची गरज नेहमीपेक्षा जास्त असते, आणि आपला प्रोग्राम नेमका तेव्हाच गप्प बसतो. दुरुस्ती सोपी आहे: चूक पकडावी आणि तापमान मिळत नसल्याचा संदेश पाठवावा. पण ती करायला हवी हे मॉकमुळे कळले. खरा सेन्सर टेबलावर व्यवस्थित चालत असता, तर ही वाट कोणी तपासलीच नसती.

घड्याळाचेही असेच आहे. दार उघडल्यावर तापमान थोडा वेळ वाढतेच, म्हणून तापमान सलग ३० मिनिटे मर्यादेबाहेर राहिले तरच इशारा द्यायचा, असा नियम आपण ठरवला, तर खऱ्या घड्याळावर प्रत्येक टेस्टला अर्धा तास लागेल. वेळ हीसुद्धा बाहेरून दिली, तर २९ आणि ३० मिनिटांमधला फरक डोळ्याची पापणी लवण्याआधी तपासून होतो.

## हो ला हो म्हणणारा मॉक

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि या लेखाचा मुख्य मुद्दाही हाच आहे. तालमीतल्या बदली नटाच्या हातात जुनी संहिता असेल आणि प्रयोगाच्या संहितेत वाक्ये बदललेली असतील, तर तालीम निर्दोष होईल आणि प्रयोग कोसळेल. मॉकच्या हातातली संहिता कोण लिहितो? टेस्ट लिहिणारा स्वतःच.

समजा, सेन्सरसोबत आलेल्या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, नवी आवृत्ती आली आणि तिच्यात `read` चे नाव बदलून `read_celsius` झाले. खऱ्या सेन्सरवर आपला प्रोग्राम पहिल्याच ओळीत बंद पडेल, कारण `read` नावाचे काही उरलेलेच नाही. पण आपली टेस्ट? ती हिरवीच राहील. पायथनचा साधा `Mock()` जवळजवळ कोणत्याही नावाला नाही म्हणत नाही. त्याला `read` विचारा, `raed` विचारा किंवा मनाला येईल ते विचारा, तो ती गोष्ट तत्काळ तयार करून देतो.

हा भाबडेपणा कमी करण्याचा उपाय त्याच साधनात आहे आणि तो वापरला न जाणे हा माझ्या मते टेस्टमधला सर्वांत स्वस्तात टाळता येणारा धोका आहे:

```python
sensor = Mock(spec=Sensor)
```

इथे मॉकला खऱ्या `Sensor` चा साचा दाखवला आहे. साच्यात जे नाही ते मागितले, तर तो `AttributeError` ही चूक उठवतो. लायब्ररीतले नाव बदलले, की पुढच्याच वेळी टेस्ट लाल होते. `create_autospec` हे त्याच्या पुढचे साधन कोणत्या फंक्शनला किती आणि कोणत्या नावांची माहिती द्यायची, हेही साच्यावरून तपासते.

क्राउडस्ट्राइकच्या घटनेत जे घडले, त्याची जातकुळी हीच आहे. तिथे मॉकचा दोष होता असे नव्हे, पण तपासणीत वापरलेली माहिती अशीच सर्वांना हो म्हणणारी होती. अहवालानुसार नियमांच्या नव्या साच्यात २१ रकाने ठरवलेले होते आणि त्यांना माहिती पुरवणारा कोड मात्र २० च मूल्ये देत होता. ही विसंगती अनेक चाचण्यांतून सुटली. त्याचे एक कारण असे, की चाचण्यांत आणि सुरुवातीच्या नियमांत २१ व्या रकान्यासाठी काहीही चालेल अशी खूण लिहिलेली होती. काहीही चालणार असेल, तर तिथे काय आहे हे पाहण्याची वेळच येत नाही. १९ जुलैला पाठवलेल्या नियमात त्या रकान्यासाठी पहिल्यांदा नेमकी अट आली, कोड अस्तित्वात नसलेले २१ वे मूल्य वाचायला गेला आणि संगणक कोसळला.

## साचा जुळतो, अर्थ जुळत नाही

`spec` मुळे नावांची चूक पकडली जाते. अर्थाची चूक तो पकडू शकत नाही, कारण अर्थ साच्यात नसतोच. आपल्या मॉकने ९.५ हा आकडा दिला, तो सेल्सिअसमध्ये की फॅरेनहाइटमध्ये? मॉकला हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो फक्त आकडा आहे. समजा, खरा सेन्सर फॅरेनहाइटमध्ये बोलतो. फ्रिज ४.५ अंश सेल्सिअसवर व्यवस्थित असेल, तर सेन्सर ४०.१ सांगेल आणि सतत खोटे इशारे जात राहतील. हे निदान लक्षात तरी येते. घातक बाजू दुसरी आहे: सेन्सरने ५ हा आकडा दिला, तर तो फॅरेनहाइटमधला ५, म्हणजे उणे १५ अंश सेल्सिअस. लसी गोठलेल्या असतील आणि आपले `is_safe` सर्व ठीक आहे असे म्हणेल. सगळ्या टेस्ट मात्र हिरव्या असतील.

दुसरे उदाहरण प्रत्यक्षातल्या एका सेन्सरचे. डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा स्वस्त आणि फार प्रचलित सेन्सर आहे. त्याला वीज मिळाल्यावर, पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत, त्याच्या नोंदीत ८५ अंश सेल्सिअस हा आकडा असतो, आणि सर्वाधिक अचूकतेवर एक मोजमाप पूर्ण व्हायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्याआधी वाचले, तर सेन्सर शांतपणे ८५ सांगतो. संपर्क तुटला की काय होते, हेही लायब्ररीवर अवलंबून असते. काही लायब्रऱ्या चूक उठवतात, तर आर्डुइनो या छोट्या सर्किट-बोर्डवर खूप वापरली जाणारी एक लायब्ररी उणे १२७ हा आकडा देते. टेबलाशी बसून मॉक लिहिणाऱ्या माणसाला ८५ किंवा उणे १२७ सुचण्याचे काही कारण नाही. त्याला ९.५ सुचतो, कारण थोडा तापलेला फ्रिज त्याला डोळ्यांसमोर आणता येतो. त्याच्या कल्पनेत जे नाही ते मॉकमध्ये नाही, आणि मॉकमध्ये जे नाही ते तपासले जात नाही.

असा प्रोग्राम बसवला, की वीज जाऊन आली की कर्मचाऱ्यांना तापमान ८५ असल्याचा संदेश जातो. दोनचार वेळा धावत येऊन पाहिल्यावर ते संदेश वाचणे सोडून देतात. खऱ्या सेन्सरची ही खोड एकदा कळली, की मात्र मॉक उपयोगी पडतो, कारण तो आता माहितीवर आधारलेला असतो:

```python
sensor.read.side_effect = [85.0, 4.5]
check_fridge(sensor, sms)
sms.send.assert_not_called()
```

पहिल्या वेळी ८५ आणि दुसऱ्या वेळी ४.५ मिळाले, तर संदेश जाता कामा नये. ८५ आल्यास थोडे थांबून पुन्हा वाचण्याची सोय कोडमध्ये नसेल, तर ही टेस्ट लाल होते, आणि ती सोय पुढे कोणी चुकून काढून टाकली, तरीही लाल होते.

## टेस्ट खरोखर काही तपासते का, हे कसे ओळखावे

काही टेस्ट दिसायला टेस्ट असतात, पण काहीच तपासत नाहीत. पायथनमधलाच एक गमतीदार आणि खरा नमुना पाहा:

```python
assert sms.send.called_once
```

वाचायला ही ओळ निर्दोष वाटते. पण `called_once` नावाची तपासणी मॉकमध्ये नाही. पायथनच्या ३.१२ च्या आधीच्या आवृत्त्यांत हो ला हो म्हणण्याच्या सवयीने मॉक त्या नावाची नवी वस्तू तयार करून देतो आणि `assert` तिला खरे मानतो. संदेश एकदाही गेला नाही किंवा शंभर वेळा गेला, तरी ही ओळ पास होते. या आणि अशाच चुकलेल्या नावांनी इतक्यांना फसवले, की ३.१२ या आवृत्तीपासून `called_once` हे नाव मागितल्यावर मॉक चूक उठवू लागला.

अशा टेस्ट ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. कोड मुद्दाम बिघडवावा: `<=` चे `<` करावे, `not` काढून टाकावा किंवा संदेश पाठवणारी ओळ पुसावी, आणि टेस्ट चालवावी. ती लाल झाली नाही, तर तिच्या हिरव्या खुणेला अर्थ नाही. टेस्ट चालताना कोडच्या किती टक्के ओळी चालल्या, हा कव्हरेजचा आकडा अनेक ठिकाणी अभिमानाने दाखवला जातो. पण ओळ चालणे म्हणजे ओळ तपासली जाणे नव्हे. एकही `assert` नसलेली टेस्टसुद्धा शंभर टक्के कव्हरेज देऊ शकते.

## मग सगळ्याच गोष्टींचे मॉक करावेत का?

नाही, आणि या बाबतीत अतिउत्साह जास्त दिसतो. आपल्या उदाहरणात `check_fridge` ची टेस्ट लिहिताना `is_safe` च्याही जागी मॉक ठेवता आला असता. पण त्यातून काय मिळाले असते? `is_safe` आपलाच कोड आहे, तो क्षणात चालतो, त्याला नेटवर्क लागत नाही आणि तो दर वेळी तेच उत्तर देतो. त्याच्या जागी बनावट वस्तू ठेवली, तर सुरक्षित आणि असुरक्षित या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तरी टेस्टला पत्ता लागणार नाही.

जास्त मॉक वापरण्याचा दुसरा तोटा उलट दिशेचा असतो. संदेश सर्व कर्मचाऱ्यांना एकदम पाठवण्याऐवजी प्रत्येकाला वेगळा पाठवायचा, असे आपण ठरवले, तर बाहेरून पाहणाऱ्यासाठी परिणाम तोच राहतो: सर्वांना इशारा मिळतो. पण `send` नेमका एकदाच आणि `"staff"` या नावाने बोलावला गेला पाहिजे, असे म्हणणारी आपली टेस्ट लाल होईल. कोड बरोबर आणि टेस्ट मात्र फेल. मॉकला प्रश्न जितके बारीक, तितकी टेस्ट कोडच्या आतल्या रचनेला चिकटते. अशा वेळी संदेश कोणाला मिळाले, याची साधी यादी ठेवणारी छोटी बनावट एसएमएस सेवा स्वतः लिहावी आणि शेवटी ती यादी तपासावी, हे बरे. अशा चालत्या, पण हलक्या प्रतिरूपाला फेक म्हणतात.

माझा कल असा, की मॉक प्रोग्रामच्या कडेला ठेवावा, जिथे आपला कोड संपतो आणि दुसऱ्याचे यंत्र, नेटवर्क किंवा घड्याळ सुरू होते. आतल्या भागात खरा कोड खऱ्या कोडशीच बोलू द्यावा.

## संहिता ताडून पाहणारी टेस्ट

मॉकने सांगितलेले गृहीतक खरे आहे का, हे मॉककडून कधीच कळणार नाही. त्यासाठी संख्येने थोड्या, पण खऱ्या डिपेंडन्सीशी बोलणाऱ्या वेगळ्या टेस्ट लागतात. त्यांना काँट्रॅक्ट टेस्ट म्हणतात. त्यांचा प्रश्न आपल्या कोडविषयी नसतो, तर आपण मॉकमध्ये जे गृहीत धरले आहे, तसे बाहेरची वस्तू अजूनही वागते का, हा असतो. त्या मंद असतात, म्हणून प्रत्येक बदलानंतर न चालवता ठरावीक वेळी, म्हणजे रोज एकदा आणि लायब्ररीची नवी आवृत्ती घेताना, चालवल्या जातात.

आपल्या सेन्सरसाठी अशी टेस्ट फार मोठी होणार नाही. खरा सेन्सर जोडावा, `read` बोलवावे आणि आकडा मिळतो का, तो उणे ५५ ते १२५ या, डीएस१८बी२० च्या मोजमापाच्या कक्षेत आहे का, हे पाहावे. वीज तोडून पुन्हा जोडल्यावर पहिला आकडा कोणता येतो, हे नोंदवावे. सेल्सिअस की फॅरेनहाइट, या प्रश्नासाठी सेन्सरचे जलरोधक टोक वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवावे. शून्याच्या आसपासचा आकडा आला, तर मॉक बरोबर बोलत होता, आणि ३२ च्या आसपासचा आला, तर आतापर्यंतच्या सर्व हिरव्या खुणा वेगळ्याच सेन्सरविषयी होत्या. हे शेवटचे काम माणसालाच करावे लागते, पण ते सेन्सरचा प्रकार बदलेल तेव्हाच.

एसएमएसच्या बाजूला थोडी वेगळी मर्यादा आहे. `send` बोलावले गेले, हे मॉक सिद्ध करतो. सेवेने संदेश स्वीकारला, हे काँट्रॅक्ट टेस्ट सांगू शकते, आणि त्यासाठी अनेक सेवा संदेश प्रत्यक्ष न पाठवणारी चाचणीची सोय देतात. संदेश फोनवर पोहोचला की नाही, हे त्यापैकी कोणतीच टेस्ट सांगत नाही. ते कळण्यासाठी पोहोच मागवणारा कोड लिहावा लागतो आणि ठरलेल्या वेळात पोहोच आली नाही तर दुसऱ्या क्रमांकावर संदेश पाठवावा लागतो. त्या नव्या कोडची युनिट टेस्ट लिहिताना पोहोच कधीच न देणारा मॉक पुन्हा उपयोगी पडतो.